रविवारची गोळी

आरोग्य केंद्रात त्यांना सगळे आहारबाई म्हणायचे. त्यांची खोली इंजेक्शनच्या खोलीला लागून होती, त्यामुळे दिवसभर भिंतीपलीकडून कुणाचं ना कुणाचं कण्हणं ऐकू यायचं आणि त्या आवाजातच बाई लोकांना पथ्यपाणी सांगायच्या. एक टेबल, दोन खुर्च्या, एक वजनकाटा. काटा सगळ्यांचंच वजन दीड किलो जास्त दाखवायचा. नवा मागवायचा अर्ज चार वर्षांपूर्वी गेला होता. तोवर बाई मनातल्या मनात वजाबाकी करत.

निवृत्तीला चौदा महिने उरले होते. गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते. सत्तावीस वर्षं लोकांना मीठ कमी करा, साखर कमी करा सांगून बाईंचा जीव विटला होता. लोक मान डोलवत आणि घरी जाऊन जे खायचं तेच खात. बाईंना त्याचा रागही यायचा नाही आता. राग यायलाही ताकद लागते.

एका गिऱ्हाइकीचा मात्र त्यांना थोडा अभिमान होता, ती म्हणजे बुधवारची. बुधवारी व्हीगन मंडळी यायची. मांस, मासे, अंडी नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. दहा वर्षांपूर्वी असे दोन-तीन जण आले तेव्हा केंद्रातल्या प्रत्येकाने हात झटकले होते. ‘दूध प्या’ यापलीकडे त्यांना काय सांगायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी लोढणं बाईंच्या गळ्यात पडलं. बाई स्वतः दुधाचा चहा पिणाऱ्या, तोही दिवसातून पाच वेळा. पण काम अंगावर पडलं की ते वाचून, विचारून, नीट करायचं ही त्यांची खोड. त्यांनी अभ्यास केला आणि हळूहळू गावभरचे व्हीगन त्यांच्या दाराशी येऊ लागले. बुधवारी दुधाचा चहा त्या औषधांच्या खिडकीमागे जाऊन प्यायच्या. कुणाचं मन कशाला दुखवा?

बाईंची कामाची एक रीत होती. नवा माणूस आला की त्याने घरातल्या सगळ्या बाटल्या, डब्या, पुड्या एका पिशवीत घालून आणायच्या आणि टेबलावर ओतायच्या. काय घेता, असं विचारून लोक खरं सांगत नाहीत. खोटंही बोलत नाहीत, पण विसरतात. पिशवी विसरत नाही. पिशवीतून काय काय निघायचं! समुद्री शेवाळाची पूड निघायची. तिच्या एका चमच्यात आयोडीन किती ते देवालाही ठाऊक नाही. कधी नगण्य, कधी महिन्याभराचं एकदम, मग गळ्यातली ग्रंथी बिघडायची. ती बाई बाजूला काढायच्या आणि रोजची मोजकी आयोडीनची गोळी द्यायच्या. हिरव्या शैवालाच्या वड्या निघायच्या आणि माणूस ऐटीत सांगायचा, ‘यात बी-बारा आहे.’ बाई म्हणायच्या, ‘आहे, पण नुसता नावाचा. शरीराच्या उपयोगाचा नाही. वर रक्ताच्या तपासणीलाही फसवतो.’

आणि मग त्या आपला कागद द्यायच्या.

तो कागद ही बाईंची खरी कमाई. आधी त्या सगळे आकडे लिहायच्या. आयोडीन दीडशे मायक्रोग्रॅम, झिंक दहा मिलिग्रॅम, असं सगळं शास्त्रशुद्ध. मग एक निवृत्त शिक्षिका आली. आयुष्यभर पोरांना गणित शिकवलेली. तिने ‘झिंक १०’ वाचलं आणि पहिल्याच दिवशी दहा गोळ्या मोजून घेतल्या. दोन दिवस उलट्या. आल्यावर वर तोंड करून म्हणते, ‘तुम्हीच दहा लिहिलंत.’ बाईंनी कानाला खडा लावला. कागदावरून आकडे गेले. माणसाला मायक्रोग्रॅम कळत नाही, घड्याळ कळतं, वार कळतो. म्हणून बाईंनी कागद घड्याळावर बांधला.

सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी लोह, पण एक दिवसाआड, लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा-कॉफी त्यानंतर तासाभराने, कारण चहा लोह शोषू देत नाही. शिवाय लोहाची ओळ फक्त ज्यांच्या रक्तात साठा कमी निघाला त्यांनाच, बाकीच्यांच्या कागदावर तिथे काट. न्याहारीला आयोडीन. दुपारच्या जेवणात शेवाळाच्या तेलाची कॅप्सूल, म्हणजे मासे ज्यातून ओमेगा-थ्री मिळवतात ते मूळच. जेवणात थोडी चरबी असली की ती अंगी लागते, म्हणून दुपारी. झिंक रात्रीच्या जेवणाबरोबर, लोहापासून लांब, कारण दोघं एकत्र आले की भांडतात. आणि शेवटची ओळ ठळक: ‘रविवारी – बी-बारा – एक गोळी.’

कागद इतका सुटसुटीत की केंद्राच्या मोठ्या साहेबांनी त्याची एक प्रत चौकटीत घालून भिंतीवर लावली. चौसष्ट लोकांकडे तो कागद गेला. बाईंच्या वहीत चौसष्ट नावं होती.

त्यातलं एक नाव काजमास्तरांचं.

काजमास्तर शिंपी. वय सदुसष्ट. शिवायला ते सगळंच शिवत, पण नाव झालं ते हाताने केलेल्या काजांमुळे. कोटाचं काज यंत्राने केलं तर ते भोक असतं, हाताने केलं तर दागिना, असं मास्तर म्हणत आणि गिऱ्हाइकाला भिंग देऊन दाखवत. शहरातले मोठे दुकानदार शिवलेले कोट नुसत्या काजांसाठी त्यांच्याकडे पाठवत. बायको गेल्यावर मास्तर लेकीकडे राहत. लेक गुरांची डॉक्टर. रोज संध्याकाळी ती गोठ्यांमधलं जे जे सांगायची ते ऐकून मास्तरांनी एक दिवस दूध सोडलं. सहा वर्षं झाली. दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी उपदेश केला नाही. लोकांनी विचारलं तर म्हणत, ‘पचत नाही.’ दूध पचत नाही की ऐकलेलं, ते सांगत नसत.

त्या बुधवारी मास्तर आले ते गळ्यात पट्टा घालून. मान कडक, चाल सावकाश, जमीन चाचपत टाकल्यासारखी पावलं. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

‘काय झालं मास्तर?’

‘मानेचं आहे म्हणे. पन्नास वर्षं खाली मान घालून बसलो, आता मान सूड घेते आहे.’ मास्तर खुर्चीत बसले. ‘मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. फोटो काढला. मणके झिजलेत म्हणाले. हाताला मुंग्या येतात त्या त्यामुळेच.’

‘मुंग्या कधीपासून?’

‘वर्ष झालं असेल. आधी पायांना आल्या. कापसावर चालतोय असं वाटतं.’

मान झिजली तर हाताला मुंग्या येतील, कबूल. पण सुरुवात पायांपासून, दोन्ही बाजूंना सारखी?

‘रक्त तपासलं?’

‘तपासलं की. हिमोग्लोबिन साडेतेरा. डॉक्टर म्हणाले, या वयात असं रक्त बघायला मिळत नाही.’ मास्तर जरा हसले, मग हसू ओसरलं. ‘बाई, सुई धरवत नाही हो. हातात आहे की पडली ते बघितल्याशिवाय कळत नाही. परवा बोटातून रक्त आलं, ते कोटावर सांडल्यावर समजलं. पांढरा कोट होता. लग्नाचा. दीड महिना झाला, एक काज केलेलं नाही. दुकानदारांना सांगतो, डोळे दुखतात.’

‘पिशवी आणलीत?’

‘आणली की. तुमचा नियम.’

मास्तरांनी पिशवी ओतली. बाटल्या टेबलावर गडगडल्या. बाईंनी पहिल्यांदा कुठली उचलली? झिंकची. हे त्यांना नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. झिंक वर्षानुवर्षं भरमसाट घेतलं की शरीरातलं तांबं कमी होतं, आणि तांबं कमी झालं की नसांचे नेमके असेच हाल होतात. कुणीतरी मास्तरांना पन्नास मिलिग्रॅमची बाटली दिली असेल, असं बाईंना वाटलं. वाटलं म्हणजे काय, त्यांनी तशी आशाच धरली. पन्नास निघालं असतं तर दोष दुसऱ्या कुणाचा तरी होता.

दहा मिलिग्रॅम. जसं सांगितलं तसं.

आयोडीन दीडशे, रोज. तेही बरोबर. शेवाळाच्या तेलाची बाटली तारखेच्या आत. लोह नाहीच, मास्तरांच्या कागदावर तिथे काट होती. हिरव्या वड्या नाहीत, पूड नाही, कुणाच्या सांगण्यावरून घेतलेला एकही काढा नाही. सत्तावीस वर्षांत इतकी सरळ पिशवी बाईंनी पाहिली नव्हती. शेवटी राहिली बी-बाराची बाटली. पांढरी, छोटी. बाईंनी चष्मा वर केला.

पन्नास मायक्रोग्रॅम.

‘मास्तर, ही कशी घेता?’

‘रविवारी एक. तुमच्या कागदाप्रमाणे. एकही रविवार चुकवला नाही, लेकीला विचारा.’

बाईंनी बाटली पुन्हा वाचली. एकदा वाचून कळत नव्हतं असं नाही. कागद केला तेव्हा औषधांच्या खिडकीवर बी-बाराची एकच गोळी मिळायची, दोन हजार मायक्रोग्रॅमची. आठवड्याला एक पुरते. बाईंनी आकडा काढून टाकला, वार ठेवला. मात्रा कागदावर नव्हती, ती गोळीत होती. आता गोळीच बदलली होती.

हिशेब साधा होता. तो त्यांनी मनातल्या मनात केला, वजनाची वजाबाकी करत तसाच. दोन हजाराच्या गोळीतून शरीर वीसेक घेतं, बाकी वाया जातं. त्या विसावर आठवडा निघतो. पन्नासाच्या गोळीतून मिळतात जेमतेम दोन. माणसाला लागतात रोज अडीचच्या आसपास. म्हणजे पन्नासाची गोळी रोज घ्यायची असते. मास्तर एका दिवसाच्या शिदोरीवर आठवडा काढत होते. किती आठवडे?

बाई काही बोलल्या नाहीत. याबद्दल त्यांनी स्वतःला माफ केलं नाही, पण त्या क्षणी त्या काही बोलल्या नाहीत हे खरं. चिठ्ठी लिहिली आणि मास्तरांना हात धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने बाईंच्या लेकीएवढ्या, पण हुशार आणि न कंटाळणाऱ्या. त्यांनी नसांची जाण तपासायचा, कंप पावणारा धातूचा काटा मास्तरांच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवला. मास्तरांना कंप कळलाच नाही. घोट्यावर कळला नाही. गुडघ्यावर कळला. डॉक्टरीणबाईंनी बाईंकडे बघितलं.

‘रक्त चांगलं आहे म्हणूनच फसले सगळे,’ त्या नंतर बाजूला येऊन म्हणाल्या. ‘डाळी, पालेभाज्या दणकून खातात ना? फोलेट भरपूर. फोलेट रक्ताला सावरून धरतं. नसांना मात्र कुणी वाली नाही.’

‘बी-बारा बघा,’ बाई म्हणाल्या. ‘आणि मिथिलमॅलोनिक आम्लही बघा. नुसत्या बी-बाराच्या आकड्यावर जाऊ नका.’

‘बघते. पण निकालाची वाट नाही बघत. रक्त घेतलं की इंजेक्शन सुरू. एक दिवसाआड.’

बाई तिथून निघाल्या त्या थेट औषधांच्या खिडकीवर. खिडकीतला माणूस गेली पंधरा वर्षं तिथेच, सगळे त्याला खिडकीच म्हणायचे. बाईंचा बुधवारचा चहा त्याने आधीच झाकून ठेवला होता.

‘दोन हजाराची बी-बारा कधीपासून नाही?’

खिडकीने आठवलं. ‘झाली की अडीच वर्षं. वरून यायची बंद झाली. त्याऐवजी पन्नासाची येते.’

‘लोकांना सांगितलंस?’

‘काय सांगायचं? बी-बारा मागितली, बी-बारा दिली. बाटलीवर लिहिलंय की रोज एक.’ मग बाईंचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. ‘तुमच्या कागदावर तर काही आकडा नव्हता, बाई. मी दोनदा बघितलं होतं.’

बाईंनी चहा तसाच ठेवला.

अडीच वर्षं. म्हणजे सव्वाशेच्या वर रविवार. एका रविवारी मास्तरांना ताप होता म्हणे, तरी लेकीला उठवून गोळी मागितली होती. हे त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं. एखादा बेशिस्त माणूस असता तर बाटलीवरचं वाचून रोज खाल्ली असती. बाईंच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूसच यात बुडाला.

घरी यजमानांना सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्राआडून म्हणाले, ‘खिडकीवाल्याची चूक आहे. तू कशाला अंगावर घेतेस?’

‘कागद माझा आहे.’

‘चौदा महिने राहिलेत तुझे. उगाच शेवटी शेवटी कशाला...’

यजमान वाईट माणूस नव्हते. बायको दमली आहे एवढंच त्यांना दिसत होतं आणि ते खोटं नव्हतं. बाई भांडल्या नाहीत. पाय गरम पाण्यात घालून बसल्या. पाणी गार झालं तरी बसूनच राहिल्या.

आठवड्याने निकाल आला. बी-बारा तळाला, आणि ते कमी पडलं की वाढणारं ते आम्ल कितीतरी पट वर. शंकेला जागा नव्हती. डॉक्टरीणबाईंनी नोंद लिहून बाईंपुढे सरकवली, कारण आहाराच्या रकान्याखाली बाईंची सही लागायची. त्या रकान्यात लिहिलं होतं: ‘रुग्णाने पूरक गोळी अपुऱ्या मात्रेत घेतली.’

बाईंनी वाचलं. खोटं एकही अक्षर नव्हतं. घेतली मास्तरांनीच, आणि मात्रा अपुरीच होती.

‘असंच लिहितात बाई,’ डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. ‘कुणाला दोष नाही यात.’

‘आहे की,’ बाई म्हणाल्या. ‘मास्तरांना आहे.’

त्यांना कंटाळा आला होता. या केंद्राचा, वजनकाट्याचा, स्वतःचा. सही केली तर घरी लवकर जाता आलं असतं. चांगलं करायला जावं आणि भलतंच होऊन बसावं, असं कितीदा झालं असेल आयुष्यात. पण त्याचं बिल असं दुसऱ्याच्या बोटांवर कधी फाडलं गेलं नव्हतं. त्यांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘आहारतज्ज्ञाने दिलेल्या लेखी सूचनेत मात्रा नमूद नव्हती. रुग्णाने सूचना तंतोतंत पाळली.’ मग सही केली.

मास्तर बाहेर बाकावर बसले होते. इंजेक्शन झालं होतं, दंडावर कापूस दाबून. बाई शेजारी बसल्या. त्यांनी फार घोळ घातला नाही. गोळी बदलली होती, कागदावर आकडा नव्हता, तो मी काढून टाकला होता, म्हणून हे झालं. मानेचा याच्याशी फारसा संबंध नाही. इंजेक्शनांनी बरं वाटेल, किती ते सांगता येत नाही. नसा सावकाश भरतात. काही भरत नाहीत.

मास्तर बराच वेळ कापूस दाबत राहिले. रक्त केव्हाच थांबलं होतं.

‘मी दोऱ्याच्या रिळावरचा आकडासुद्धा वाचल्याशिवाय रीळ घेत नाही,’ ते शेवटी म्हणाले. ‘चाळीसचा का पन्नासचा. भिंग लावून वाचतो. ही बाटली नाही वाचली. तुमचा कागद होता ना.’

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर बाईंना सोपं गेलं असतं. मास्तर उठले, बाईंचा खांदा धरून तोल सावरला, आणि निघाले.

मग बाईंनी वही काढली. उरलेली त्रेसष्ट नावं. रोज दुपारी जेवणाचा डबा आवरला की त्या फोन घेऊन बसायच्या. ‘मी आरोग्य केंद्रातून बोलते. तुमची बी-बाराची बाटली जरा आणा हो. नाही, आठवून सांगू नका. उठा आणि आणा. त्यावरचा आकडा वाचा.’ कुणी म्हणालं, बाटली संपून वर्ष झालं. एक आजोबा म्हणाले, ‘गोळी मोठी होती म्हणून मी अर्धीच घेतो.’ एक काकू विसराळू, आज रविवार आहे की नाही ते कधीच आठवायचं नाही, म्हणून सरळ रोजच खात होत्या. त्या ठणठणीत होत्या. बाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेना, तेव्हा फोन ठेवून त्यांनी तोंड धुतलं.

त्रेसष्टातले तेवीस पन्नासाची गोळी रविवारीच घेत होते. सगळ्यांना बोलावलं, सगळ्यांची तपासणी झाली. दोघांना मुंग्या होत्या, पण थोड्या, वेळेत सापडल्या. एक तरुण मुलगी दिवस गेलेली निघाली. तिची मात्रा बाईंनी स्वतःच्या हाताने बदलली, आयोडीन आणि शेवाळाचं तेलही पुन्हा तपासलं.

मोठ्या साहेबांनी खुलासा मागवला. बाईंनी दिला. चौकट भिंतीवरून उतरवली गेली, मागे भिंतीचा फिकट चौकोन राहिला. नवा कागद बाईंनी केला, त्यात वारही होता आणि आकडाही. शिवाय एक रिकामी ओळ होती. तिथे माणसाने स्वतःच्या हाताने बाटलीवरचा आकडा उतरवायचा, बाईंसमोर मोठ्याने वाचायचा, जुळला तरच घरी जायचं. नवी बाटली घेतली की पुन्हा यायचं. आधी पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला आता वीस मिनिटं लागायची. बाहेर रांग कुरकुरायची. ‘कुरकुरा,’ बाई म्हणायच्या, ‘पण वाचा.’

मास्तर एक दिवसाआड येत राहिले. मानेचा पट्टा गेला. चाल सुधारली. दुसऱ्या महिन्यात जिना कठड्याशिवाय उतरले. इंजेक्शनं आधी आठवड्यावर, मग महिन्यावर गेली. लेक सांगायची, झोप लागते, चिडचिड थांबली. बोटांचं कुणी विचारलं की मास्तर म्हणायचे, ‘येतंय, येतंय.’ दुकान उघडायचे, पण कोट अजून परतच पाठवायचे.

चौथ्या महिन्यात एका बुधवारी डॉक्टरीणबाई बैठकीला गेल्या होत्या. जाताना बाईंना सांगून गेल्या होत्या: मास्तर येतील, हातांची तेवढी नोंद करून ठेवा. कापसाचा बारीक धागा काढायचा, त्यांना डोळे मिटायला लावायचे, बोटाच्या टोकाला स्पर्श करायचा, लागला की ‘हो’ म्हणायला सांगायचं. सोपं काम.

मास्तर नव्या कडक शर्टात आले होते. हात टेबलावर उताणे ठेवले. बोटांच्या टोकांवर जुन्या सुयांचे घट्टे होते.

‘मिटा डोळे.’

मास्तरांनी बाईंकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटले.

उजवा अंगठा. ‘हो.’ बाईंनी नोंद केली. करंगळी. ‘हो.’ अनामिका. जरा थांबून, ‘हो.’ बाईंच्या छातीवरून धोंड उतरायला लागली. मधलं बोट. ‘हो.’ आता तर्जनी राहिली. काज करताना सुई तर्जनी आणि अंगठ्यातच धरतात, हे आता बाईंनाही माहीत झालं होतं. त्यांनी कापूस उचलला आणि तेवढ्यात तो त्यांच्या हातून खाली पडला. त्या वाकल्या.

‘हो,’ मास्तर म्हणाले.

बाई टेबलाखाली वाकलेल्या तशाच थांबल्या. मग कापूस न उचलता सरळ बसल्या. हात मांडीवर ठेवले. कशालाही स्पर्श केला नाही.

‘हो,’ मास्तर पुन्हा म्हणाले. आणि जरा वेळाने, छान हसून, ‘हो, हे पण लागलं.’

भिंतीपलीकडे कुणाला तरी सुई टोचली गेली आणि कुणीतरी ‘आई गं’ म्हणालं. बाईंनी नोंदीचा कागद बघितला. पाच बोटांपुढे चार ‘हो’ लिहिले होते, आणि त्यातले खरे किती ते आता सांगता येत नव्हतं. त्यांनी चारही खोडले.

‘मास्तर, डोळे उघडा.’

त्यांनी उघडले. बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. ते त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली. शाळेतल्या पोरासारखे कान लाल झाले.

‘कशाला हो?’ बाई म्हणाल्या.

‘डोळे मिटायच्या आधी तुमचा चेहरा बघितला मी,’ मास्तर म्हणाले. ‘चार महिने बघतोय. माझं काय, माझं वय झालं. तुम्हाला अजून दहा महिने इथे बसायचंय.’

बाईंनी खोडलेला कागद बाजूला सारला.

‘मास्तर, तुम्ही माझं ऐकून एकदा नुकसान करून घेतलंत. आता माझ्यासाठी खोटं बोलून दुसऱ्यांदा करू नका. मी इथे ‘हो’ लिहिलं तर डॉक्टरीणबाई इंजेक्शनं कमी करतील.’

मास्तरांनी मान हलवली.

‘पुन्हा मिटा. आणि लागलं तरच म्हणा.’

मास्तरांनी डोळे मिटले. बाईंनी नवा कापूस घेतला, धागा काढला आणि अंगठ्याला लावला. ‘हो,’ मास्तर म्हणाले. मग बाईंनी तो तर्जनीच्या टोकावर टेकवला आणि तसाच धरून ठेवला. दोघंही वाट बघत राहिले. मास्तर काही बोलले नाहीत.